साखर कंपनीवर कर्ज किती आणि व्याज तिला झेपतं का: ताळेबंद हातात घेऊन करायचा हिशेब

धाराशिव, लातूर, बीड, परभणी, नांदेड या पट्ट्यात शेअर घेणाऱ्या माणसाला साखरेची कंपनी जवळची वाटते. तिचं धुराडं रस्त्यावरून दिसतं, ऊस आपल्याच पाहुण्याच्या रानातला असतो. म्हणून अनेकजण अंदाजानं पैसे घालतात आणि ताळेबंद उघडतच नाहीत. कंपनी कर्जावर किती रेलून उभी आहे हे पाहायला दोन आकडे लागतात. एक कर्ज आणि स्वभांडवलाचं गुणोत्तर, ज्याला सगळे डेट-इक्विटी म्हणतात. दुसरा इंटरेस्ट कव्हरेज, म्हणजे व्याज भरण्याआधीचा नफा व्याजाच्या किती पट आहे. दोन्ही आकडे मोबाईलवर आयते मिळतात. पण हंगामी धंद्यात ते आयते आकडे फसवतात. कसे, ते एकाच कंपनीवर शेवटपर्यंत पाहू.

कंपनी कल्पित आहे, पण आकडे परस्परांशी जुळतील असे घेतले आहेत. मांजरा खोऱ्यातला खासगी कारखाना, रोज 7,500 टन गाळपाचा, चांगल्या वर्षी 10 लाख टन ऊस गाळणारा. सोबत डिस्टिलरी आहे आणि तिचं विस्तारीकरण चालू आहे. शेअर बाजारात नोंदणी आहे, म्हणून वार्षिक अहवाल एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. अहवालात ताळेबंद दोन असतात, एकट्या कंपनीचा आणि उपकंपन्यांसह एकत्रित. एकत्रित असेल तर तोच घ्या. डिस्टिलरीचं कर्ज उपकंपनीच्या नावावर असलं की पहिल्यात ते दिसतच नाही.

पहिली पायरी: सगळं कर्ज गोळा करा

ताळेबंदात कर्ज दोन ठिकाणी लिहिलेलं असतं. दीर्घ मुदतीच्या देण्यांखाली आपल्या कंपनीचे 110 कोटी आहेत. चालू देण्यांखाली आणखी 210 कोटी आहेत. नवखा माणूस वरचे 110 घेतो, स्वभांडवल 200 कोटी आहे म्हणून भागतो आणि 0.55 आलं की खूश होतो. खरं गुणोत्तर 320 भागिले 200, म्हणजे 1.6 आहे.

चालू देण्यांतले 210 कोटी कुठून आले, हे टिपेत उघडून पाहा. त्यातले 30 कोटी म्हणजे मुदत कर्जाचा पुढच्या बारा महिन्यांत भरायचा हप्ता. 2021-22 पासून हा हप्ता अल्प मुदतीच्या कर्जाखाली वेगळा दाखवावा लागतो. त्याआधीच्या अहवालांत तो चालू देण्यांतल्या ‘इतर वित्तीय देणी’त असायचा. त्यामुळे जुनी वर्षं ताडून पाहताना तो तिथून शोधून कर्जात मिळवा, नाहीतर 2021-22 साली कर्ज अचानक वाढल्यासारखं दिसेल.

उरलेले 180 कोटी म्हणजे साखरेवरचं माल तारण कर्ज. 31 मार्चला गाळप संपत आलेलं असतं आणि गोदाम गच्च भरलेलं असतं. समजा 62,000 टन साखर शिल्लक आहे, म्हणजे 50 किलोची 12 लाख 40 हजार पोती. बँकेनं भाव क्विंटलला 3,400 रुपये धरला आणि 15 टक्के मार्जिन ठेवलं, तर एका क्विंटलवर 2,890 रुपये उचलता येतात, एका पोत्यावर 1,445. सगळ्या साठ्यावर साधारण 179 कोटी. ताळेबंदातल्या 180 कोटींचा मेळ असा लागतो. हा मेळ प्रत्येक वेळी लावून पाहा. साठ्याच्या मानानं माल तारण कर्ज फार जास्त दिसलं, तर कंपनीनं साखरेपलीकडचं काही गहाण ठेवलं आहे किंवा विकलेल्या साखरेचे पैसे कर्जात न भरता दुसरीकडे वळवले आहेत, असा प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर टिपांत सापडलं नाही, तर ती कंपनी बाजूला ठेवणं बरं.

दुसरी पायरी: स्वभांडवलातली हवा काढा

200 कोटींच्या स्वभांडवलात भागभांडवल 20 कोटी आणि राखीव निधी 180 कोटी आहे. राखीव निधीची फोड स्वभांडवलातील बदलाच्या पत्रकात मिळते. तिथं आपल्याला 50 कोटींचा पुनर्मूल्यांकन निधी दिसतो. कारखान्याची जुनी जमीन कागदावर आजच्या भावानं लिहिली आणि फरक स्वभांडवलात धरला, असा त्याचा अर्थ. त्यातून एक रुपयाही आलेला नाही, आणि कारखाना चालू असताना खालची जमीन कुणी विकत नाही. हे 50 वजा केले की स्वभांडवल 150 उरतं आणि गुणोत्तर 2.13 होतं.

तिसरी पायरी: उसाची थकबाकी शोधा

आपल्या भागात ही पायरी सोडून चालत नाही. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस कारखान्यावर पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, त्यापुढे वर्षाला 15 टक्के व्याज लागू होतं. पण थकलेली एफआरपी ताळेबंदात ‘कर्ज’ म्हणून लिहिली जात नाही. ती व्यापारी देण्यांत, बाकीच्या पुरवठादारांच्या रांगेत बसते. परिणामी शेतकऱ्यांचे पैसे अडकवून चाललेल्या कारखान्याचं डेट-इक्विटी, बँकेचं कर्ज काढून वेळेवर पैसे देणाऱ्या कारखान्यापेक्षा चांगलं दिसतं. हा अन्याय गुणोत्तरातच आहे आणि तो हातानं दुरुस्त करावा लागतो.

व्यापारी देण्यांच्या टिपेत वयोमानाचा तक्ता असतो: एक वर्षाच्या आतली, एक ते दोन वर्षांची, दोन ते तीन, तीनपेक्षा जास्त. त्या तक्त्यात चौदा दिवसांची ओळ नसते, म्हणून साधा हिशेब करावा लागतो. मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात कंपनीनं किती ऊस गाळला, त्याला टनाचा दर लावा. तेवढं देणं रास्त आहे. त्यावरची रक्कम थकीत. साखर आयुक्तालयाकडे कारखानानिहाय थकबाकीच्या याद्या असतात आणि त्या वर्तमानपत्रांत येतात, त्यांच्याशीही ताडता येतं. आपल्या कंपनीत थकीत 30 कोटी निघतात. 320 मध्ये 30 मिळवून 150 नं भागलं की 2.33.

जिथून सुरुवात केली ते 0.55 आणि इथवर आलेलं 2.33, दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवसाचे आहेत.

हमीचं एक देणं अजून बाहेर आहे. तोडणी-वाहतूक ठेकेदार टोळ्यांना उचल देतात, त्यासाठी बँकेकडून कर्ज घेतात आणि त्या कर्जाला पुष्कळदा कारखाना हमी देतो. हा आकडा ‘संभाव्य देणी’ या टिपेत असतो. बीड, धारूर, पाटोदा, केज या भागाला टोळीचा व्यवहार सांगायला नको. उचल घेतलेली टोळी आली नाही किंवा दुष्काळानं कोयता लवकर थांबला, तर ठेकेदाराचा हप्ता थकतो आणि बँक कारखान्याकडे येते. हा आकडा गुणोत्तरात मिळवू नका, पण शेजारी लिहून ठेवा. तो दरवर्षी वाढत असेल, तर जुनी उचल वसूल न होता नव्या हमीवर ढकलली जात असल्याची शक्यता मोठी.

चौथी पायरी: सप्टेंबरचा आकडा काढा

नोंदणीकृत कंपनीला सहामाही निकालासोबत 30 सप्टेंबरचा ताळेबंदही द्यावा लागतो. साखरेच्या कंपनीसाठी तो पाहिलाच पाहिजे. एप्रिल ते सप्टेंबर गाळप बंद असतं, केंद्राच्या महिनावार कोट्याप्रमाणे साखर विकली जाते आणि माल तारण कर्ज फिटत जातं. आपल्या कंपनीचं एकूण कर्ज सप्टेंबरला 170 कोटींवर आलं. पुनर्मूल्यांकन वगळून स्वभांडवल 146 कोटी, म्हणजे गुणोत्तर 1.16.

मार्चचं 2.13 खरं की सप्टेंबरचं 1.16? दोन्ही खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. मार्चच्या कर्जामागं विकाऊ साखर उभी असते. साखर विकली की ते फिटतं. सप्टेंबरला जे उरतं ते मुख्यतः यंत्रसामग्रीवरचं मुदत कर्ज असतं आणि ते फक्त नफ्यातून फेडता येतं. म्हणून कारखान्याची खरी ओझ्याची पातळी सप्टेंबर दाखवतो. सप्टेंबरला गोदाम रिकामं असूनही अल्प मुदतीचं कर्ज मोठं राहिलं, तर साखर विकून आलेल्या पैशांनी जुना तोटा भरला गेला आहे हे उघड होतं. दोन-तीन वर्षांचे सप्टेंबर ओळीनं मांडले की हे चटकन दिसतं.

पाचवी पायरी: व्याज किती पट झेपतं

नफा-तोटा पत्रकात आपल्या कंपनीचा करपूर्व नफा 16 कोटी आणि वित्तीय खर्च 22 कोटी आहे. दोन्ही मिळवून व्याजापूर्वीचा नफा 38 कोटी. भागिले 22, कव्हरेज 1.73. संकेतस्थळांवर साधारण हाच आकडा मिळतो.

आता दोन दुरुस्त्या. 38 कोटींत 5 कोटी ‘इतर उत्पन्न’ आहे. टीप उघडल्यावर कळतं की त्यातला मोठा भाग जुनी मालमत्ता विकल्याचा आहे. पुढच्या वर्षी तो येणार नाही, म्हणून काढून टाका. उरले 33. दुसरी दुरुस्ती व्याजाची. डिस्टिलरीचं बांधकाम चालू असताना तिच्या कर्जाचं व्याज खर्चात न लिहिता यंत्राच्या किमतीत मिळवण्याची लेखा मानकांत मुभा नव्हे, सक्तीच आहे. कंपनी लबाडी करत नसते. पण बँकेला ते व्याज रोखीनंच द्यावं लागतं. स्थिर मालमत्तेच्या किंवा वित्तीय खर्चाच्या टिपेत ‘भांडवलीकृत व्याज’ शोधा. आपल्याकडे ते 4 कोटी आहे. खरं व्याज 26. कव्हरेज 33 भागिले 26, म्हणजे 1.27.

डिस्टिलरी सुरू झाली की हे 4 कोटी थेट नफा-तोटा पत्रकात उतरतात आणि वर घसाराही वाढतो. विस्तार पूर्ण झाल्याच्या वर्षी नफा घटला म्हणून लोक चकित होतात. त्याची चाहूल या टिपेत आदल्या वर्षीच असते.

दोन आकडे एकमेकांवर ताडून पाहा

कर्ज एका दिवसाचं असतं आणि व्याज वर्षभराचं. म्हणून व्याजाला कर्जानं भागलं की कंपनी कुठला दिवस दाखवते आहे ते कळतं. 26 भागिले मार्चचे 320, म्हणजे 8.1 टक्के. अशा कारखान्याला इतकं स्वस्त कर्ज मिळणं अवघड. कारण सोपं आहे, वर्षभर कर्ज 320 नव्हतंच. मागच्या मार्चला 310, मधल्या सप्टेंबरला 170 आणि या मार्चला 320 होतं. दोन्ही सहामाह्यांची सरासरी काढली तर 240 आणि 245, म्हणजे वर्षाची साधारण 242 कोटी. 26 भागिले 242, म्हणजे 10.7 टक्के. हा दर पटतो, म्हणजे कर्जाचे आकडे आणि व्याजाचा आकडा परस्परांशी प्रामाणिक आहेत.

हीच तपासणी सेलू, मानवत, परभणी, जालना भागातल्या जिनिंगच्या कंपनीवर उलटी निघते. कापूस ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येतो आणि मार्चपर्यंत बऱ्याच गाठी विकून झालेल्या असतात. समजा अशा कंपनीचं मार्चचं कर्ज 35 कोटी आणि वर्षाचं व्याज 7 कोटी आहे. दर पडला 20 टक्के. एवढा दर बँक लावत नाही. दर 10 टक्के धरला तर वर्षभराचं सरासरी कर्ज 70 कोटींच्या आसपास होतं, आणि ऐन खरेदीत त्याहून कितीतरी जास्त. 31 मार्चच्या डेट-इक्विटीवर विसंबलेल्या माणसाला यातलं काही दिसलं नसतं. साखरेत मार्च कर्ज फुगवून दाखवतो, जिनिंगमध्ये तो झाकतो.

व्याज झेपलं तरी हप्ता राहतोच

1.27 म्हणजे व्याज भरून थोडं उरतं, असं वाटेल. पण बँकेला मुद्दलही द्यायची आहे. 33 कोटींत 17 कोटी घसारा परत मिळवा, कारण तो रोखीनं जात नाही. हाती येणारी रोकड 50 कोटी. त्यातून व्याज 26 आणि हप्ता 30, एकूण 56 कोटी भरायचे. कर धरण्याआधीच 6 कोटी कमी पडतात.

हे 6 कोटी कुठून येतात? नवं कर्ज काढा किंवा उसाचं बिल लांबवा. तिसऱ्या पायरीत सापडलेल्या 30 कोटींच्या थकबाकीचा उगम इथं आहे. सलग चार-पाच वर्षं रोकड अशी तोकडी पडली की तेवढी रक्कम साचते. म्हणून कव्हरेज एकापेक्षा जास्त असूनही एफआरपी थकत असेल, तर हप्त्याचा हिशेब आधी करा. वार्षिक अहवालात गुणोत्तरांच्या टिपेत ‘डेट सर्व्हिस कव्हरेज’ दिलेलं असतं, तेही पाहा. मात्र कंपनीनं अंशात आणि छेदात काय धरलं आहे ते तिथंच वाचा, कारण त्यातही फरक करतात. एखादं गुणोत्तर आदल्या वर्षापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त बदललं तर कंपनीला त्याचं कारण लिहावं लागतं. ही कारणं दोन-दोन ओळींची असतात, पण ‘कर्ज वाढल्यामुळे’ एवढंच लिहिलं असेल तर कंपनीला सांगायचं नाही, असं समजा.

शेवटची पायरी: पाऊस कमी करून पाहा

मराठवाड्यातल्या कारखान्याची ही कसोटी पश्चिम महाराष्ट्रापेक्षा कडक घ्यावी लागते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यानंतरच्या 2016-17 च्या हंगामात राज्याचं साखर उत्पादन आदल्या हंगामाच्या निम्म्यावर आलं. ऊस उभा राहिला नाही, तरी बॉयलरचं कर्ज जागेवरच होतं.

आपल्या कंपनीत एक टन ऊस गाळल्यावर उसाचे, तोडणी-वाहतुकीचे आणि गाळपाचे पैसे जाऊन 900 रुपये उरतात असं धरा. 10 लाख टनांवर 90 कोटी. पगार, देखभाल, विमा असा ठरलेला खर्च 40 कोटी, घसारा 17 कोटी. उरले 33, वर काढलेलाच आकडा. आता ऊस 7 लाख टनच आला असं समजा. 63 कोटी उरतील, 40 आणि 17 तसेच राहतील, व्याजापूर्वीचा नफा 6 कोटी. गोदाम कमी भरल्यानं व्याज 26 वरून 22 वर आलं तरी कव्हरेज 0.27. ऊस 30 टक्के घटला आणि नफा 82 टक्के घटला.

कव्हरेज बरोबर एकवर यायला किती ऊस लागतो? 26 कोटी व्याज, 40 आणि 17 मिळून 83 कोटी. 83 कोटींना 900 नं भागा, 9.2 लाख टन. म्हणजे या कंपनीचा ऊस आठ टक्क्यांनी जरी घटला तरी व्याज नफ्यातून निघत नाही. आठ टक्के घट व्हायला दुष्काळही लागत नाही. शेजारच्या कारखान्यानं टनाला शंभर रुपये जास्त दिले की तेवढा ऊस त्याच्या गाडीत जातो.

टनामागं उरणारी रक्कम कुठल्याही अहवालात छापलेली नसते. ती तुम्हाला जुन्या दोन वर्षांवरून काढावी लागेल: एक भरपूर गाळपाचं, एक कमी गाळपाचं. दोन्हींतल्या घसारापूर्व नफ्यातला फरक घ्या आणि गाळपातल्या टनांच्या फरकानं भागा. साखरेचा भाव दोन्ही वर्षांत सारखा नसतो, म्हणून हे ढोबळच राहील. शिवाय हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर आणि हिशेबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे एका वाईट हंगामाचा मार दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो. पहिल्या वर्षी कंपनी आधीच्या हंगामाची साखर विकत असते आणि आकडे बरे दिसतात. दुष्काळानंतरचा पहिला अहवाल वाचून ‘कंपनीनं तग धरला’ असं ठरवू नका, दुसरा येऊ द्या.

पावसावर चालणाऱ्या या धंद्यात चांगल्या वर्षाचं दुरुस्त केलेलं कव्हरेज तीनच्या आसपास असावं, अशी आमची पट्टी आहे. आपल्या कंपनीला तिथं पोचायला 33 कोटी नफ्यावर व्याज 11 कोटी असायला हवं. 10.7 टक्क्यांनी 11 कोटी व्याज म्हणजे सरासरी कर्ज 103 कोटी. आज ते 242 आहे. पुढच्या अहवालात कंपनी नव्या बॉयलरची किंवा आणखी डिस्टिलरीची घोषणा करते की हे अंतर कमी करते, तेवढं आधी पाहा.